एका चार्जरवर लॅपटॉप आणि फोन: वॅट कुठे जातात, केबल कुठे अडते

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या खोलीत तिच्या वाट्याला भिंतीवरचं एकच सॉकेट येतं. लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर बंद पडला तेव्हा तिने दोन टाइप-सी पोर्ट असलेला ६५ वॅटचा चार्जर घेतला. एका पोर्टला लॅपटॉप, दुसऱ्याला फोन, प्रश्न मिटला असं तिला वाटलं. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"मामा, लॅपटॉप चार्जिंगला लावलाय तरी बॅटरी उतरतेय. मघाशी ७० टक्के होती, आता ५५ आहे. चार्जर खराब निघाला का?"

"फोनही लावलायस का त्याच चार्जरला?"

"हो, पण चार्जर ६५ वॅटचा आहे ना?"

चार्जर खराब नव्हता. खोक्यावरचा आकडा खोटाही नव्हता, फक्त तो आकडा नेमका कशाचा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी नुकताच असा एकत्र चार्जर घेतलाय किंवा घेणार आहेत, त्यांच्यासाठी तिच्या टेबलावर आम्ही जे जे तपासलं ते त्याच क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण थेट नवी केबल आणायला धावतात आणि दोष निघतो भलतीकडेच.

पायरी १: लॅपटॉपची भूक किती, ते वाचा

सगळ्यात आधी लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर शोधा, बंद पडलेला असला तरी चालेल. त्याच्या पाठीवर "आउटपुट" अशी ओळ असते. भाचीच्या अडॅप्टरवर होतं २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात: २० गुणिले ३.२५ म्हणजे ६५. तिच्या लॅपटॉपला पोटभर लागतं ते एवढं. हलक्या लॅपटॉपचे अडॅप्टर ३० किंवा ४५ वॅटचे असतात. गेमिंगच्या लॅपटॉपचे १५०-२०० वॅटच्या पुढे जातात आणि त्यांची पिन बहुतेक वेळा गोल किंवा चौकोनी, वेगळीच असते.

अडॅप्टर गोल पिनचा असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काही लॅपटॉपवर ते पोर्ट फक्त पेन ड्राइव्ह आणि स्क्रीन जोडण्यापुरतं असतं. पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं छोटं चित्र आहे का पाहा, आणि मॉडेलच्या माहितीपत्रकात टाइप-सीने चार्जिंग होतं असं स्पष्ट लिहिलंय का तेही वाचा. तसं नसेल तर या लेखातलं बाकी काहीच कामाचं नाही, मूळ अडॅप्टरच वापरावा लागेल.

आता ६५ वॅट लागतात म्हणजे सतत लागतात असं नव्हे. ब्राउझर उघडून वाचत बसलात तर साधा लॅपटॉप १०-१५ वॅटवर भागवतो. व्हिडिओ कॉलला त्याहून जास्त खातो. भाची थ्रीडी मॉडेल फिरवत बसते तेव्हा तिचा लॅपटॉप एकटाच ५० वॅटच्या आसपास ओढतो. उरलेलं जे काही असेल तेवढंच बॅटरीत जातं. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित यावरच आहे.

पायरी २: चार्जरवरची बारीक अक्षरं

मी तिला चार्जरचा फोटो पाठवायला सांगितला. पांढऱ्या चार्जरवर फिकट राखाडी अक्षरं, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. टॉर्च तिरकी धरून काढलेल्या तिसऱ्या फोटोत ती वाचता आली. पहिल्या ओळीत पहिल्या पोर्टचं आउटपुट: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. दुसऱ्या पोर्टची ओळही साधारण तशीच. आणि सगळ्यात खाली ती ओळ होती जी कुणी वाचत नाही: पहिलं अधिक दुसरं, ४५ वॅट अधिक २० वॅट.

मोठ्या अक्षरातले ६५ वॅट एकच पोर्ट वापरलं तर त्या पोर्टचे आहेत. दुसऱ्या पोर्टला काहीही जोडलं की चार्जर ६५ ची वाटणी करतो, आणि ही वाटणी कारखान्यातच ठरलेली असते. भाचीने फोन लावला की लॅपटॉपचे ६५ चे ४५ होतात. तिचं काम ५० चं. चार्जरमधून निघालेले ४५ वॅट लॅपटॉपच्या आत जाऊन बॅटरीच्या व्होल्टेजवर येईपर्यंत थोडे गळतात, हातात ४२ धरा. ५० वजा ४२ म्हणजे ८ वॅट बॅटरीतून निघतायत. तिची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे, म्हणजे तासाला १६ टक्के उतार. ७० वरून ५५, हिशोब जुळला.

या वाटणीबद्दल दोन गोष्टी कळल्या की अर्धे घोळ संपतात. पहिली अशी की साधे चार्जर जोडलेल्या वस्तूची गरज बघून वाटणी करत नाहीत, पोर्टमध्ये काहीतरी आहे एवढंच बघतात. तुम्ही दुसऱ्या पोर्टला कानातल्या बड्सची डबी लावली तर ती ओढते दोन-तीन वॅट, पण तिच्यासाठी २० वॅट राखून ठेवले जातात आणि लॅपटॉप ४५ वरच राहतो. फोन ९० टक्क्यांवर जाऊन अगदी थोडं ओढायला लागला तरी तेच. गरजेप्रमाणे वाटणी बदलणारे चार्जर आता मिळतात, पण तसं लिहिलेलं नसेल तर वाटणी ठरीव आहे असंच धरून चाला.

दुसरी गोष्ट पोर्टच्या क्रमाची. एकत्र वापरात २० वॅट ज्या पोर्टला मिळतात ते पोर्ट २० व्होल्ट देत नाही, ५ आणि ९ पर्यंतच थांबतं, फार तर १२. पुष्कळ लॅपटॉप २० व्होल्टशिवाय चार्जिंग घेतच नाहीत. त्यामुळे फोन पहिल्या पोर्टला आणि लॅपटॉप दुसऱ्याला लावला तर लॅपटॉप नुसता बसून राहतो आणि माणूस म्हणतो चार्जर गेला. वायरी अदलाबदल करून पाहा. फुकटातला उपाय आहे आणि मी तो दोन वेळा तरी कामी आलेला पाहिलाय.

दुसरी वस्तू लावताना किंवा काढताना पहिलीचं चार्जिंग क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतं. स्क्रीन किंचित मंद होते, चार्जिंगचा आवाज परत येतो. हा बिघाड नाही. चार्जर दोघांशी नव्याने बोलणी करत असतो.

ही बोलणी कशी होतात

इथे थोडं थांबतो, कारण पुढे केबलचं जे सांगायचंय ते यावरून सरळ कळेल.

टाइप-सी केबलच्या दुसऱ्या टोकाला काही जोडलेलं नसेल तर चार्जर वीजच सोडत नाही. वस्तू जोडली की आधी ५ व्होल्ट येतात. मग केबलमधल्या एका बारीक तारेवरून चार्जर आपली यादी सांगतो: माझ्याकडे ५ आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत, प्रत्येकावर इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातलं आपल्याला हवं ते मागतो, चार्जर हो म्हणतो आणि व्होल्टेज चढवतो. या पद्धतीला यूएसबी पीडी म्हणतात. चार्जरच्या खोक्यावर "पीडी" लिहिलेलं असतं ते हेच.

यातून एक भीती आपोआप जाते. १०० वॅटचा चार्जर फोनला लावला तर फोन जळेल का, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. चार्जर वीज ढकलत नाही, वस्तू मागते तेवढीच जाते. फोनने ९ व्होल्ट मागितले तर त्याला ९ च मिळतात, चार्जरकडे २० असले तरी. मोठा चार्जर लहान वस्तूला चालतो. लहान चार्जर मोठ्या वस्तूला पुरत नाही.

आता या बोलण्यांत तिसराही एक जण असतो, तो म्हणजे केबल. ३ अँपिअरपेक्षा जास्त द्यायचे असतील तर चार्जर आधी केबलला विचारतो, तुला झेपेल का? ५ अँपिअरच्या केबलच्या प्लगमध्ये एक इवलीशी चिप असते, ती उत्तर देते. चिपच नसेल किंवा चिपने ३ च सांगितले तर चार्जर यादीतले ३ च्या पुढचे अँपिअर सांगतच नाही. २० व्होल्ट गुणिले ३ म्हणजे ६०. म्हणून साध्या टाइप-सी केबलची हद्द ६० वॅट. चार्जर १०० चा असो की १४० चा, साधी केबल लावली की तो ६० चा झाला.

भाचीच्या मूळ अडॅप्टरला ३.२५ अँपिअर लागायचे. ते तीनच्या पुढे गेले. अडॅप्टरला केबल कायमची जोडलेली होती म्हणून तिला कधी हा विचार करावा लागला नाही. सुट्या केबलवर मात्र "६५ वॅटचा चार्जर, साधी केबल" ही जोडी ६० वरच थांबते. ५ वॅटचा फरक लहान आहे, त्यासाठी धावपळ करू नका. पण चार्जर मोठा घेणार असाल तर हीच केबल तुमचे पैसे वाया घालवेल.

पायरी ३: केबल ओळखा

केबलचा दर्जा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, आणि लोक त्या एकात मिसळतात. एक म्हणजे ती चिप, जिने हद्द ठरते. दुसरी म्हणजे आतलं तांबं, ज्याने गळती ठरते.

चिपचं ओळखायला प्लगवर किंवा पाकिटावर छापलेलं बघा. नव्या केबलवर ६० किंवा २४० वॅट असं लिहायची पद्धत २०२१ पासून आली, जुन्या साठ्यात १०० वॅटच्या भरपूर सापडतात. १०० आणि २४० दोन्ही ५ अँपिअरच्या, दोन्ही आपल्या कामाच्या. काहीच छापलेलं नसेल तर ६० ची धरा. जाडीवरून ठरवू नका, वरचं विणलेलं जाड कापड आत काय आहे ते सांगत नाही. डेटाच्या वेगावरूनही ठरवू नका. २४० वॅटची केबल डेटाला अगदी मंद असू शकते आणि वेगवान डेटाची केबल ६० वॅटची असू शकते.

एका टोकाला जुनी चपटी टाइप-ए पिन आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल लॅपटॉपसाठी बाजूलाच ठेवा. त्या चपट्या पोर्टमधून पीडीची बोलणी होत नाहीत, त्यामुळे लॅपटॉपला हवे ते २० व्होल्ट येणारच नाहीत.

आता तांब्याकडे येऊ. भाचीने रस्त्यावरच्या गाळ्यातून घेतलेली केबल दोन मीटर लांब होती, कारण सॉकेट पलंगामागे. मी तिला म्हटलं, अर्धा तास लॅपटॉप चार्ज होऊ दे आणि मग प्लगला हात लाव. "चटका नाही बसत, पण धरून ठेवावंसं वाटत नाही," म्हणाली.

तार जितकी बारीक तितका तिचा रोध जास्त, आणि रोध म्हणजे उष्णता. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात, गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. स्वस्त केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा २८ गेजच्या निघू शकतात. या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलला दुप्पट, ०.४३ धरा. तीन अँपिअर वाहिले की १.३ व्होल्ट वाटेतच जातात आणि जवळजवळ ४ वॅटची उष्णता केबलमध्ये तयार होते. चांगल्या केबलमध्ये २२ गेजची तार असेल तर तोच रोध पाव पट, गळती ०.३ व्होल्ट, उष्णता एक वॅटच्या आत-बाहेर. टाइप-सीच्या नियमांत दोन्ही तारा मिळून पाऊण व्होल्टपेक्षा जास्त गळती मान्य नाही. म्हणजे पहिली केबल एक मीटरची असतानाच नियमाबाहेर आहे. दोन मीटरची केली की गळती आणि उष्णता दोन्ही दुप्पट.

लॅपटॉपला २० पैकी अडीच व्होल्ट कमी मिळाले तरी तो कसाबसा चालतो, मात्र मध्येच चार्जिंग तुटून परत जोडलं जातं. फोनचं वेगळं आहे. तो ९ व्होल्ट मागतो, त्यातून तेवढेच अडीच गेले तर साडेसहा हातात पडतात. फोनला हे कळतं, तो अँपिअर कमी करतो आणि वेग निम्म्यावर येतो. म्हणून फोनसाठी कुठलीही केबल चालते ही समजूत बरोबर नाही. अँपिअर फोनला कमी पुरतात, पण तांबं त्यालाही हवंच.

माझं म्हणणं एवढंच: लॅपटॉपची केबल एक मीटरच्या आसपास, ५ अँपिअरची, वॅट स्पष्ट छापलेली घ्या. लांब हवीच असेल तर केबल लांब घेण्यापेक्षा भिंतीच्या बाजूने चांगला एक्स्टेंशन बोर्ड पुढे आणा. २३० व्होल्टवर १०० वॅटचा चार्जर अर्ध्या अँपिअरच्या जवळपास ओढतो, बोर्डाला ते काहीच नाही. तेच वॅट २० व्होल्टवर न्यायला ५ अँपिअर लागतात. अंतर भिंतीकडच्या बाजूला ठेवलेलं बरं.

चुंबकाने चिकटणारी टोकं लॅपटॉपसाठी वापरू नका. ती टाइप-सीच्या नियमांत बसत नाहीत. उघड्या पिनांवर धूळ, लोखंडाचा कीस चिकटतो, आणि २० व्होल्टवर पिना एकमेकींना भिडल्या तर पोर्ट जातं.

पायरी ४: फोनची भाषा

भाचीचा फोन २५ वॅटचा आहे आणि तो पीपीएस मागतो. पीपीएस हा पीडीचाच एक प्रकार आहे. ठरावीक ९ किंवा १५ व्होल्टऐवजी फोन क्षणोक्षणी थोडं वर, थोडं खाली असं व्होल्टेज मागतो, त्यामुळे तो कमी तापतो. चार्जरवर पीपीएसची ओळ वेगळी छापलेली असते, ३.३ ते ११ व्होल्ट अशी. ती नसेल तर असा फोन चार्ज होतो पण संथपणे, "सुपर फास्ट" ऐवजी नुसतं "फास्ट" दिसतं. काही चार्जरवर पीपीएस एकाच पोर्टला असतं किंवा दोन्ही पोर्ट वापरात आली की ते बंद होतं.

तुमचा फोन ६७ किंवा ८० वॅट अशा मोठ्या आकड्याचा असेल तर तो आकडा बहुधा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा आहे आणि तो त्याच खोक्यातल्या चार्जर आणि केबलवरच मिळतो. पीडी चार्जरवर असा फोन बराच कमी वेग घेतो. त्यासाठी मोठा पीडी चार्जर घेऊन उपयोग नाही.

पायरी ५: मोजून बघा

अंदाजावर राहू नका. विंडोजच्या लॅपटॉपवर पॉवरशेल उघडा आणि हे टाका:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select-Object ChargeRate, DischargeRate
```

परवानगी नाकारली तर पॉवरशेल "Run as administrator" ने उघडा. आकडे मिलिवॅटमध्ये येतात, हजाराने भागा. `ChargeRate` म्हणजे बॅटरीत जाणारे वॅट, `DischargeRate` म्हणजे बॅटरीतून निघणारे. चार्जर लावलेला असताना दुसरा आकडा शून्यापेक्षा मोठा दिसला तर पुरवठा कमी पडतोय. मॅकवर याहून सोपं आहे, तिथे चार्जरशी ठरलेले वॅट थेट दिसतात:

```
system_profiler SPPowerDataType | grep Wattage
```

मोजताना बॅटरी ३० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असू द्या. ८० च्या पुढे लॅपटॉप आपणहून कमी घेतो. बॅटरी जपण्यासाठी काही लॅपटॉप ८० वर थांबायला सांगितलेले असतात, तेव्हा शून्य दिसणं बरोबरच आहे.

आम्ही तीन वेळा मोजलं, प्रत्येक वेळी थ्रीडीचं तेच काम चालू ठेवून. फोन जोडलेला: बॅटरीतून ८ च्या आसपास बाहेर. फोन काढला: बॅटरीत थोडं आत. मग तीच मांडणी, फक्त वर्गमैत्रिणीची एक मीटरची ५ अँपिअरची केबल: आत जाणारा आकडा आणखी वाढला, आणि प्लग नुसता कोमट. म्हणजे दोष दोन होते, मोठा वाटणीचा आणि लहान केबलचा. केबल बदलून ती थांबली असती तर फोन लावला की बॅटरी उतरतच राहिली असती.

केबलच्या मध्ये जोडायचा छोटा टाइप-सी मीटरही मिळतो. तो व्होल्ट, अँपिअर, वॅट लगेच दाखवतो, काही मीटर केबलची चिपही वाचतात. मित्रमंडळीत एक असला तरी पुरतो.

पायरी ६: आहे त्यात भागवा, नाहीतर बरोबर तेवढंच घ्या

नवा चार्जर घेण्याआधी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वेळ वाटून घेणं. जेवायला जाताना, लॅपटॉप झोपलेला असताना फोन लावा. २५ वॅटवर ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण सव्वा तासात भरते, वाटणीतल्या २० वर थोडा वेळ जास्त. जड काम सुरू करताना फोनची वायर चार्जरमधून काढा. फोन काढून वायर तशीच लोंबत ठेवली तर बहुतेक चार्जर लॅपटॉपला पूर्ण वॅट परत देतात, पण काही देत नाहीत, म्हणून वायरसकट काढलेली बरी.

दुसरा मार्ग भाचीला फार आवडला. चार्जरला फक्त लॅपटॉप लावायचा आणि फोन लॅपटॉपला. मग वाटणी होत नाही, लॅपटॉपला पूर्ण ६० किंवा ६५ मिळतात आणि त्यातून तो फोनला देतो. लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट साधारण १५ वॅटपर्यंत देतं, जुनं चपटं पोर्ट त्याहून बरंच कमी. फोन हळू भरतो, पण काम चालू असताना घाई कुणाला असते? लॅपटॉपला दुसरं टाइप-सी पोर्ट हवं, एवढीच अट.

नवा घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा मोठा आकडा विसरा आणि "पहिलं अधिक दुसरं" ही ओळ शोधा. लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरचे वॅट त्या ओळीच्या पहिल्या आकड्यात बसले पाहिजेत, फोनचे दुसऱ्यात. भाचीसाठी ६५ अधिक ३० हवं होतं आणि ते १०० वॅटच्या चार्जरवर मिळालं. तीन पोर्ट असतील तर तिन्ही वापरतानाची ओळही वाचा, तिथे लॅपटॉपचा वाटा पुन्हा ४५ वर आलेला दिसू शकतो. दुकानदाराला ही ओळ दाखवता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. "BIS Care" अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की तो कुठल्या उत्पादकाचा आणि कुठल्या वस्तूचा आहे ते दिसतं. नुसती छापलेली खूण बघून थांबू नका, क्रमांक टाका. मला एकदा एका चार्जरवर अशी खूण दिसली, जिचा क्रमांक अॅपला ठाऊकच नव्हता. तो मी परत केला.

तिने १०० वॅटचा चार्जर आणला त्या संध्याकाळी पुन्हा फोन आला: फोन लावूनही आता बॅटरी उतरत नाही, पण प्लग अजून तसाच तापतो. केबल कुठली? तीच दोन मीटरची. चार्जर ६५ द्यायला तयार होता, केबलमध्ये चिप नव्हती म्हणून तो ६० वर थांबला होता, आणि ते ६० त्याच बारीक तारांतून जात होते. दुसऱ्या दिवशी ५ अँपिअरची केबल आली.

शेवटचं तापण्याबद्दल. चार्जर स्वतः गरम होणं ठीक आहे, एवढ्याशा डबीतून १०० वॅट जातात. त्याच्यावर उशी, पांघरूण, कपडे येऊ देऊ नका. प्लगजवळ हात ठेववत नसेल, प्लास्टिकचा वास येत असेल, पिनांवर तपकिरी डाग दिसत असेल किंवा किंचित हलवल्यावर चार्जिंग जात-येत असेल तर ती केबल बाद. त्याआधी एकदा लॅपटॉप बंद करून पोर्टमध्ये टॉर्चने डोकवा. खिशातली कापसाची गुठळी तळाशी दाबून बसलेली असते आणि प्लग पूर्ण आत जात नाही. कोरड्या लाकडी टूथपिकने अलगद काढा, टाचणीने कधीच नाही. भिंतीतलं सॉकेट सैल असेल तर जड चार्जर त्यात लोंबतो आणि आत ठिणग्या पडतात, तिथे बोर्ड वापरा किंवा सॉकेट बदलून घ्या.

हॉस्टेलमध्ये केबली एकमेकींच्या हातात फिरतात. भाचीने लॅपटॉपच्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावलीय. मैत्रिणींना सांगून ठेवलंय, लाल सोडून कुठलीही न्या. दोन मीटरची जुनी केबल मात्र तिने मधोमध कापली, कचऱ्यातून उचलून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून.